मधले सगळे कटले, टोकं उरली

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी बोलते घरच्यासारखं, पण लिहायची वेळ आली की पेन अडखळतं. त्यामुळे काना-मात्रेच्या चुका पदरात घ्या. गणित मात्र बरोबर आहे, ते मी तीनदा तपासलंय. तीनदा का, ते पुढे कळेलच.

फर्स्ट इयरला मॅथ्सच्या क्लास टेस्टमध्ये एक प्रश्न होता. आठ मार्कांचा. खालील सिरीजच्या पहिल्या n टर्म्सची बेरीज काढा आणि सिरीज कन्व्हर्ज होते की डायव्हर्ज, ते सांगा:

log(1 + 1/1) + log(1 + 1/2) + log(1 + 1/3) + …

(इथे log म्हणजे नॅचरल लॉग, कॅल्क्युलेटरवर ज्या बटणावर ln लिहिलेलं असतं तो. शेजारचं log बटण दाबलं तर बेस १० चा येतो आणि पुढचे सगळे आकडे चुकतात.)

युक्ती मला आठवत होती. 1 + 1/k म्हणजे (k+1)/k. भागाकाराचा लॉग म्हणजे लॉगची वजाबाकी. म्हणून प्रत्येक टर्म अशी लिहिता येते:

log(1 + 1/k) = log(k+1) − log k

आता बेरीज मांडली की log 2 एकदा अधिक येतो, एकदा वजा. log 3 चं तेच, log 4 चं तेच. मी खुशीत सटासट रेघा मारत गेले, सगळं कटलं, आणि खाली दोन रेघा ओढून लिहिलं: उत्तर शून्य, म्हणून सिरीज कन्व्हर्ज होते.

पेपर परत आला तेव्हा आठपैकी एक मार्क होता आणि बाजूला सरांनी लाल पेनने लिहिलं होतं, "पहिलीच टर्म log 2, म्हणजे ०.६९. पुढच्या सगळ्या टर्म्स पॉझिटिव्ह. मग बेरीज शून्य कशी होईल, बाळ?"

त्या 'बाळ'ने जास्त लागलं.

हॉस्टेलचं वीजमीटर

माझी चूक कुठे झाली ते मला नीट कळलं हॉस्टेलच्या मीटरवरून. आमच्या जिन्याखाली मीटर आहे आणि ऑफिसमधले काका दर महिन्याच्या एक तारखेला रीडिंग वहीत लिहितात. या महिन्याचं रीडिंग वजा मागच्या महिन्याचं, की झाले या महिन्याचे युनिट. एकदा वर्षभराचे एकूण युनिट काढायचे होते. मी बारा महिन्यांचे बारा आकडे कॅल्क्युलेटरवर घ्यायला लागले. काका हसले आणि म्हणाले, "अगं पोरी, एवढं कशाला? शेवटच्या रीडिंगमधून पहिलं वजा कर की!"

बरोबर आहे. फेब्रुवारीचं रीडिंग एका महिन्यात अधिक होतं, पुढच्या महिन्यात वजा. मधली सगळी रीडिंग्ज अशी जोडीने जातात. जात नाहीत ती फक्त दोन: सगळ्यात पहिलं, कारण त्याच्या आधी कोणी नाही, आणि सगळ्यात शेवटचं, कारण त्याच्या नंतर कोणी नाही. गणितात अशा बेरजेला टेलिस्कोपिंग म्हणतात. जुन्या दुर्बिणीच्या किंवा रेडिओच्या ॲँटेनाच्या नळ्या कशा एकात एक सरकून बसतात, तसं.

आमच्या सिरीजमध्ये मीटरचं रीडिंग म्हणजे log k. पहिलं रीडिंग log 1, म्हणजे शून्य. n टर्म्सनंतरचं रीडिंग log(n+1). म्हणून:

log(1 + 1/1) + log(1 + 1/2) + … + log(1 + 1/n) = log(n+1) − log 1 = log(n+1)

मी रेघा मारण्याच्या भरात शेवटच्या log(n+1) वरही रेघ मारली होती. त्याला कापणारा log(n+1) पुढच्या टर्ममध्ये असता, पण ती टर्म आपण घेतलेलीच नव्हती. पहिलं टोक log 1 हे योगायोगाने शून्य आहे, त्यामुळे उत्तर शून्य आलं तरी मला संशय आला नाही.

असं उत्तर तपासायला एक मिनिट लागतं. n = 3 घ्या. ०.६९३१ अधिक ०.४०५५ अधिक ०.२८७७, बेरीज १.३८६३. आणि log 4 किती? १.३८६३. परीक्षेत हे एक मिनिट मी दिलं असतं तर सात मार्क वाचले असते. लॉगमध्ये गोंधळ होत असेल तर तेच गुणाकारात बघा: 2/1 × 3/2 × 4/3 × 5/4. वरचे-खालचे कटून ५ उरतात. बेरजेतले लॉग म्हणजे याच गुणाकाराचा लॉग.

टर्म शून्याकडे जाते, बेरीज जात नाही

प्रश्नाचा दुसरा भाग कन्व्हर्जन्सचा. इथे माझी रूममेट अडकली होती. तिने log(n+1) बरोबर काढलं, पण शेवटी लिहिलं की k वाढला की log(1 + 1/k) शून्याकडे जातो, म्हणून सिरीज कन्व्हर्ज होते. तिला पाच मिळाले. (माझ्यापेक्षा चार जास्त, हे ती अजून सांगते.)

टर्म शून्याकडे जात नसेल तर सिरीज कन्व्हर्ज होत नाही, हे खरं. पण उलटं खरं नाही. दर महिन्याचं बिल कमी-कमी होत गेलं, तरी मीटर कुठे तरी थांबेलच असं नाही. आपलं मीटर log(n+1) दाखवतं, आणि n वाढवत गेलो तर log ला वरची मर्यादा नाही. म्हणून सिरीज डायव्हर्ज होते.

एवढ्याने तिचं समाधान झालं नाही. "टर्म इतक्या बारीक होतात, मग बेरीज वाढते कुठून?" असं ती विचारत राहिली. त्याचं उत्तरही टेलिस्कोपिंगमध्येच आहे. k = 100 पासून k = 199 पर्यंतच्या शंभर टर्म्स घ्या. मधले कटले, टोकं उरली: log 200 − log 100, म्हणजे log 2, म्हणजे ०.६९३. आता एक लाखापासून १,९९,९९९ पर्यंतच्या टर्म्स घ्या. टोकं log 200000 − log 100000. पुन्हा log 2, पुन्हा ०.६९३! टर्म हजारपट बारीक झाली, पण गटात टर्म्सही हजारपट झाल्या. k दुप्पट होईपर्यंत चालत राहिलं की प्रत्येक वेळी तेवढेच ०.६९३ पदरात पडतात, कितीही दूर गेलं तरी. असे गट कधी संपत नाहीत, म्हणून बेरीज कधी थांबत नाही.

पण वाढते मात्र गोगलगायीसारखी. बेरीज ५ च्या वर जायला १४८ टर्म्स लागतात. १० च्या वर जायला २२,०२६. आणि २० च्या वर जायला साडेअठ्ठेचाळीस कोटींच्या वर. नुसते आकडे बघून कोणालाही वाटेल की ही आता थांबलीच.

याच घराण्यातली एक सिरीज खरोखर थांबते. log(1 − 1/k²) ची बेरीज k = 2 पासून करा (1 पासून केली तर log 0 येतो, तिथेच खेळ संपला). 1 − 1/k² म्हणजे (k−1)(k+1)/k². ते असं फोडता येतं:

log(1 − 1/k²) = log((k−1)/k) − log(k/(k+1))

इथे मीटरचं रीडिंग log((k−1)/k) आहे आणि ते पुढच्या टर्ममध्ये log(k/(k+1)) होतं. टोकं उरतात log(1/2) आणि log(n/(n+1)). n मोठा होत गेला की दुसरं टोक log 1, म्हणजे शून्यावर स्थिरावतं, आणि बेरीज −log 2 वर जाऊन थांबते. दोन्ही सिरीजमध्ये रेघा सारख्याच मारल्या. कन्व्हर्ज की डायव्हर्ज, हे शेवटचं टोक कुठे जातं त्यावर ठरलं.

प्रत्येक लॉग असा फुटतो असंही नाही. log(1 + 1/k²) घ्या. ते log(k²+1) − log k² होतं, दिसायला वजाबाकीच. पण कटायला पुढच्या टर्ममध्ये k²+1 यायला हवा, आणि येतो (k+1)². जोडी जुळत नाही. म्हणून रेघ मारण्याआधी पुढची एक टर्म पूर्ण लिहून बघायची, खरंच तोच आकडा येतोय का. मी आता दरवेळी लिहिते.

आठ युनिटवर अडकलेला पंखा

इथपर्यंतचं सगळं परीक्षेपुरतं होतं. आता यंदाची, थर्ड इयरची गोष्ट.

आमच्या चौघींचा मिनी प्रोजेक्ट होता एनर्जी मीटर. खोलीतल्या पंख्याला जोडायचा, मायक्रोकंट्रोलरने दर २० मिलिसेकंदाला, म्हणजे ५० हर्ट्‌झच्या एका सायकलला एकदा, पॉवर मोजायची आणि तेवढी एनर्जी एकूण बेरजेत टाकायची. पंखा साधारण ६० वॅटचा. प्रोग्राम दहा ओळींचा, बेरीज एका float व्हेरिएबलमध्ये. मीटर लावला, पंखा रात्रंदिवस चालू ठेवला. चार-पाच दिवस आकडा वाढला आणि मग ८.०००००० युनिटवर येऊन थांबला. पंखा फिरतोय, पॉवरचं रीडिंग बरोबर येतंय, पण युनिट हलत नाहीत. डेमो आठवड्यावर आलेला. आम्ही सेन्सर बदलला, वायरी पुन्हा सोल्डर केल्या, काही उपयोग नाही.

मॅडमनी विचारलं, "हार्डवेअर राहू दे बाजूला. बारीक-बारीक आकड्यांची अशी कुठली बेरीज आहे का, जिचं उत्तर तुम्हाला आधीच माहीत आहे? ती करून बघा." आणि मला माझा लाल पेनवाला पेपर आठवला. तीच सिरीज. टर्म बारीक होत जातात, आणि उत्तर पक्कं माहीत: log(n+1). लॅबच्या पीसीवर हा प्रोग्राम टाकला, एक कोटी टर्म्सचा:

```c
#include <stdio.h>
#include <math.h>

int main(void)
{
    float s = 0;
    long k;
    for (k = 1; k <= 10000000; k++)
        s = s + log(1 + 1.0 / k);
    printf("%f  %f\n", s, log(10000001.0));
    return 0;
}
```

दुसरा आकडा, म्हणजे खरं उत्तर, १६.११८०९६. पहिला आकडा आला १४.८ च्या आसपास! सव्वा युनिटहून जास्त गायब.

मग आम्ही दर लाखाला s आणि log(k+1) दोन्ही प्रिंट केले. पहिल्या लाखापर्यंत फरक हजारांशाच्या आसपास, कोणाच्या लक्षातही येणार नाही एवढा. पुढे s हळूहळू खऱ्या उत्तराच्या वर जायला लागला. आणि एकवीस लाखांच्या जरा अलीकडे तो जो थांबला, तो एक कोटीपर्यंत हललाच नाही.

याचं कारण असं. float मध्ये २४ बिट मावतात, म्हणजे आपल्या भाषेत साधारण सात अंक. काकांच्या वहीत फक्त सात रकाने आहेत असं समजा. आकडा मोठा झाला की डावीकडचे रकाने भरतात आणि उजवीकडे बारीक अंकांना जागा उरत नाही. ८ ते १६ च्या मध्ये float ची एक पायरी १/१०,४८,५७६ एवढी असते, सुमारे ०.०००००००९५ च्या दहापट, म्हणजे ०.००००००९५. त्यामधला आकडा लिहिता येत नाही, जवळच्या पायरीवर ढकलला जातो. बेरजेत टाकायची टर्म अर्ध्या पायरीपेक्षा लहान असेल, तर आकडा जिथे होता तिथेच परत येतो. आपली टर्म साधारण 1/k आहे. अर्धी पायरी १/२०,९७,१५२. म्हणून k = 2097152 झाला की त्या टर्मपासून पुढची प्रत्येक टर्म पाण्यात.

पण त्या क्षणी खरी बेरीज log(2097152) = 21 log 2, म्हणजे १४.५६ असायला हवी होती. आमची १४.८ होती. जास्त कुठून आली? त्याआधीच्या पट्ट्यात बघा. k साधारण सात लाखांपासून एकवीस लाखांपर्यंत असताना टर्म अर्ध्या पायरीहून मोठी आणि दीड पायरीहून लहान असते, म्हणून प्रत्येक टर्म बरोबर एक पायरी म्हणून धरली जाते. सुमारे चौदा लाख टर्म्स, प्रत्येकी एक पायरी, बेरीज १.३३. खरी बेरीज टेलिस्कोपिंगने: log 21 लाख वजा log 7 लाख, म्हणजे log 3, म्हणजे १.१०. इथेच ०.२३ जास्त झाले. म्हणजे मीटर आधी जोरात पळालं आणि मग बंद पडलं.

आता पंखा. ६० वॅट गुणिले ०.०२ सेकंद म्हणजे १.२ ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणून प्रत्येक वेळी बेरजेत पडायचे ०.०००००००३३ च्या दहापट, म्हणजे सुमारे ०.०००००३३ चा दहावा भाग, सरळ लिहायचं तर एका युनिटचा तीस लाखांश. आणि ८ च्या वर अर्धी पायरी आहे सुमारे एकवीस लाखांश. तीस लाखांश हा एकवीस लाखांशापेक्षा लहान. म्हणून ८ पर्यंत पोचलो आणि खिळलो. सेन्सर बिचारा निर्दोष होता.

पीसीवर इलाज सोपा. float च्या जागी double लिहिलं की एक कोटी टर्म्सनंतरही दोन्ही आकडे सहा दशांश स्थळांपर्यंत जुळतात. float ठेवूनच लूप उलटा फिरवला, म्हणजे k एक कोटीपासून खाली १ पर्यंत आणला, तरी उत्तर १६.१ च्या आसपास येतं, कारण बारीक टर्म्स आधी एकमेकींत मिळून मोठ्या होतात. double चीही हद्द आहेच: k = 10¹⁵ झाला की 1 + 1/k ही बेरीजच नीट साठवली जात नाही, 1/k च्या जागी १.११ पट आकडा साठतो. तिथे log(1 + 1.0/k) ऐवजी `log1p(1.0/k)` वापरायचं, ते एकात न मिळवताच लॉग काढतं.

आमच्या आर्डुइनो उनो बोर्डावर मात्र double लिहून भागलं नाही. तिथे double सुद्धा चार बाइटचाच असतो, नाव मोठं लक्षण खोटं. शेवटी बेरीज पूर्णांकात केली. दर वेळी १,२०० मिलिज्यूल एका unsigned long मध्ये टाकायचे, ३६ लाख झाले की तेवढे वजा करून वॅट-अवरच्या दुसऱ्या काउंटरमध्ये एक वाढवायचा. पूर्णांकाच्या पायऱ्या शेवटपर्यंत सारख्याच असतात. डेमोच्या दिवशी मीटर ११ युनिट दाखवत होतं आणि हलत होतं.

मॅडमनी फाइलवर सही केली. मी त्यांना तो जुना पेपर दाखवला. त्या म्हणाल्या, "सरांना नेऊन दाखव." अजून धीर झालेला नाही.

जाता जाता एक गणित देते. log(1 + 1/(k(k+2))) ची k = 1 पासून पुढे अनंतापर्यंत बेरीज करा. कंसातलं आधी एकत्र करा, वर (k+1)² येईल, मग दोन भागांत फोडा. उत्तर log 2 येतं. शून्य आलं, तर कुठल्या तरी टोकावर चुकून रेघ मारली गेलीय. रूम नंबर १७ ला या, लाल पेन माझ्याकडे आहे.